सोसायटीच्या दुरुस्ती निविदेचं तांत्रिक सादरीकरण: आधी हिशोब, मग पानं

इमारतदुरुस्तीच्या निविदांमध्ये मी सल्लागाराच्या बाजूने बसतो. सोसायटीचं कार्यालय, कमिटीचे सात-आठ जण, भिंतीवर प्रोजेक्टर आणि प्रत्येक ठेकेदाराला वीस मिनिटं, असं ते चित्र असतं. येणारे बहुतेक लहान ठेकेदार काम उत्तम जाणतात. त्यांच्या सादरीकरणात कामाची पद्धत, माणसं, साधनं आणि वेळापत्रक ही चारही प्रकरणं असतात. अडचण अशी की या चार प्रकरणांची एकमेकांशी ओळख नसते. वेळापत्रक चार महिन्यांचं, माणसं बारा, परांची अर्ध्याच इमारतीला पुरेल एवढी, आणि पद्धतीत लिहिलेलं की प्लास्टर पूर्ण वाळल्यावरच रंग देऊ. कागदावर पाच मिनिटं आकडेमोड केली की हे जमणार नाही हे दिसतं. सल्लागार ती आकडेमोड करतोच.

म्हणून मी सांगतो तो क्रम उलटा आहे. पानं बनवायला बसू नका. आधी एका कागदावर हिशोब करा आणि चारही प्रकरणं त्या एका हिशोबातून काढा. हा हिशोब कसा करायचा ते एका नमुन्याच्या कामावर दाखवतो. इमारत कल्पित आहे, पण ठाणे-डोंबिवलीकडे अशा शेकडो इमारती उभ्या आहेत.

नमुन्याचं काम

दोन विंग, प्रत्येकी स्टिल्ट आणि वर चार मजले, एकूण ४० सदनिका. प्रत्येक विंगचा घेर ९० मीटर, गच्चीच्या कठड्यासकट उंची १६ मीटर. म्हणजे एका विंगचं बाहेरचं अंग १,४४० चौरस मीटर आणि दोन्ही मिळून २,८८० चौरस मीटर. निविदेतली मुख्य परिमाणं अशी:

- जुनं प्लास्टर काढून दोन थरांत नवं: १,८०० चौ. मी.
- खांब, तुळया, छज्जे यांची पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती: २२० चौ. मी.
- स्टिल्टमधल्या ८ खांबांना मायक्रो काँक्रीटचं जॅकेटिंग
- गच्चीवर ब्रिकबॅट कोबा: ९०० चौ. मी.
- संपूर्ण बाहेरून रंग

कार्यादेश १५ नोव्हेंबरला मिळेल असं धरू. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला येतो, पण वळवाच्या सरी त्याआधी गाठतात. त्यामुळे बाहेरचं काम मे अखेर संपलं पाहिजे. म्हणजे हाताशी २८ आठवडे.

पहिली पायरी: निविदा घेऊन इमारतीभोवती फिरा

परिमाणांचा तक्ता हातात घेऊन स्वतः दोन तास इमारत बघा. छोटी हातोडी जवळ ठेवा. स्टिल्टमधले खांब आणि हाताला लागणारे छज्जे ठोकून पाहा. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बदबद वाजतं. उभ्या सळईच्या रेषेत गेलेल्या भेगा, गंजाचे तांबडे ओघळ, ड्रेनेजच्या पाइपामागची ओली भिंत यांचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोवर विंग, बाजू, मजला लिहा. सादरीकरणाचं पहिलं पान या फोटोंचंच असावं, कंपनीच्या इतिहासाचं नको. कमिटीला स्वतःची इमारत पडद्यावर दिसली की ती सावरून बसते.

याच फेरीत परांचीचे अडथळे टिपून घ्या: कुंपणाची भिंत किती जवळ आहे, गाड्या कुठे लागतात, कोणत्या खिडक्यांना बाहेर आलेल्या जाळ्या आहेत, एसीचे बाहेरचे डबे किती, गॅसची पाइपलाइन कुठून वर जाते. पुढे वेळापत्रक मोडतं ते बहुधा याच गोष्टींमुळे.

दुसरी पायरी: एका टोळीचा रोजचा उरक

आता स्वतःच्या मागच्या कामांच्या हजेरीवह्या आणि मोजमापाच्या वह्या काढा. माझ्या पाहण्यात दोन गवंडी आणि तीन बिगारी अशी टोळी परांचीवर जुनं प्लास्टर काढण्यापासून दोन्ही थर पुरे करेपर्यंतचा सगळा वेळ धरून दिवसाला सरासरी १२ चौरस मीटर काम देते. नव्या इमारतीवर हा आकडा मोठा असतो. दुरुस्तीत तो कमीच येतो, कारण मलबा उतरवणं आणि खिडक्यांच्या कडा सांभाळणं यात वेळ जातो. आरसीसी दुरुस्तीची चार जणांची टोळी सगळ्या टप्प्यांसह दिवसाला सुमारे अडीच चौरस मीटर करते. तुमचा उरक वेगळा असेल तर तोच लिहा, फक्त तो कोणत्या कामावरून काढला ते सांगता आलं पाहिजे.

आपल्या नमुन्यात प्लास्टरच्या दोन टोळ्या धरल्या तर रोज २४ चौरस मीटर होतं. एका विंगचं ९०० चौरस मीटर प्लास्टर व्हायला ३८ कामाचे दिवस, म्हणजे साडेसहा आठवडे लागतात. आरसीसीच्या दोन टोळ्या रोज ५ चौरस मीटर करतील. एका विंगचं ११० चौरस मीटर २२ दिवसांत, म्हणजे जवळपास चार आठवड्यांत होईल.

तिसरी पायरी: आठवडे मांडा, आणि परांची कुठे अडते ते शोधा

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

समजा तुमच्याकडे ९०० चौरस मीटर परांची स्वतःची आहे आणि ६०० भाड्याने आणणार आहात. एकूण १,५००, म्हणजे एक विंग पूर्ण झाकली जाते. सरळ विचार असा: आधी ए विंग संपवू, मग सगळी परांची बी विंगला नेऊ.

मांडून बघा. पहिले दोन आठवडे परांची, जाळ्या, ठोकून तपासणी आणि सल्लागारासोबत संयुक्त मोजणी. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात आरसीसी दुरुस्ती. पाचव्या आठवड्यापासून मागोमाग प्लास्टर सुरू, ते अकराव्यात संपतं. नव्या प्लास्टरवर पाणी मारून ते वाळायला एकूण २८ दिवस दिल्याशिवाय रंग देऊ नये. ओलसर, क्षारयुक्त प्लास्टरवर दिलेला रंग पहिल्याच पावसात फुगतो किंवा पांढरट डाग दाखवतो. म्हणजे ए विंगच्या शेवटच्या बाजूचा रंग सोळाव्या आठवड्यात. रंग होईपर्यंत परांची उतरवता येत नाही. म्हणून बी विंग सतराव्या आठवड्यात सुरू होऊन बत्तिसाव्यात, म्हणजे २६ जूनला संपेल. तोवर पाऊस येऊन दोन आठवडे झालेले असतील.

माणसं पुरेशी आहेत, पद्धत बरोबर आहे, तरीही काम बसत नाही, कारण अडलं आहे परांचीवर. हा हिशोब न करता "सहा महिन्यांत पूर्ण" लिहिणारा ठेकेदार फसवत नसतो. त्याने प्रत्येक कामाचे दिवस मोजलेले असतात, पण परांची किती दिवस अडकून राहते ते मोजलेलं नसतं.

आता तोडगा बघा. आरसीसीच्या टोळ्या सहाव्या आठवड्यानंतर रिकाम्या होतात. तेव्हा सहाव्या-सातव्या आठवड्यात आणखी ७२० चौरस मीटर परांची भाड्याने आणून बी विंगच्या दोन बाजू उभ्या करायच्या. ए विंगच्या ज्या दोन बाजूंचं प्लास्टर आधी झालं, त्यांचा रंग बाराव्या आठवड्यात संपवून तीच परांची तेराव्यात बी विंगच्या उरलेल्या बाजूंना लावायची. मधल्या काळात आरसीसीच्या टोळ्यांनी स्टिल्टचे खांब घ्यायचे, कारण त्यांना परांची लागतच नाही.

| आठवडा | ए विंग | बी विंग |
|---|---|---|
| १–२ | परांची, तपासणी, मोजणी | – |
| ३–६ | आरसीसी दुरुस्ती, पाचव्यापासून प्लास्टर | सहाव्यापासून अर्धी परांची |
| ७–११ | प्लास्टर पूर्ण | ८–९: पहिल्या दोन बाजूंची आरसीसी दुरुस्ती |
| १०–१३ | स्टिल्टचे खांब | स्टिल्टचे खांब |
| १२–१६ | रंग, परांची उतरवणं | पहिल्या दोन बाजूंचं प्लास्टर. १४–१५: उरलेल्या बाजूंची आरसीसी दुरुस्ती |
| १६–१९ | – | उरलेलं प्लास्टर |
| २०–२४ | – | पाणी, वाळवण, रंग |

गच्चीचा कोबा एक वेगळी टोळी दहाव्या ते विसाव्या आठवड्यात करत राहील. सगळं काम चोविसाव्या आठवड्याच्या शेवटी, १ मे रोजी पुरं होतं. अठ्ठावीस आठवड्यांपैकी चार उरतात. त्यातले दोन होळीसाठी बाजूला ठेवा. गावी गेलेली टोळी चार दिवसांचं सांगून दहा-बारा दिवसांनी येते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि वेळापत्रकात कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा. उरलेले दोन आठवडे खरे राखीव.

दुरुस्तीत आणखी एक गोष्ट ठरलेली: प्लास्टर उघडल्यावर आरसीसीचं परिमाण वाढतं. २२० च्या जागी ते तीस टक्क्यांनी वाढून २८६ झालं, तर जादा ६६ चौरस मीटरला दोन टोळ्यांचे आणखी १३ दिवस लागतील. एवढ्याने राखीव दोन आठवडे संपले. म्हणून वेळापत्रकाच्या पानावर एक ओळ टाका: ए विंगच्या संयुक्त मोजणीत परिमाण वीस टक्क्यांहून अधिक वाढलेलं दिसलं, तर सातव्या आठवड्यापासून तिसरी आरसीसी टोळी लावू. तो निर्णय कोणत्या आठवड्यात आणि कशावरून घेणार हे लिहिलेलं असलं की "गरजेनुसार मनुष्यबळ वाढवू" या नेहमीच्या वाक्याला अर्थ येतो.

साधनांचं पान

परांचीचं गणित झालं की हे पान अर्धं तयार असतं. बाकी साधनांसाठी चार रकाने पुरतात: काय, किती, स्वतःचं की भाड्याचं, आणि कोणत्या आठवड्यापासून कोणत्या आठवड्यापर्यंत. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. आपल्या नमुन्यात "परांची ७२० चौ. मी., भाड्याची, आठवडा ६ ते २०" अशी ओळ येईल आणि ती वेळापत्रकाशी जुळेल.

ब्रेकर लिहिताना त्याचं वजन लिहा. खांब-तुळयांवर छोटा, हलका ब्रेकर किंवा छिन्नी-हातोडाच चालतो. भारी ब्रेकरने आजूबाजूचं धड काँक्रीटही हादरून सुटतं. टेकूंची संख्या हवेत नको. जॅकेटिंगला एका वेळी किती खांब उघडणार आणि एका खांबाभोवतीच्या तुळयांना किती टेकू लागणार, त्यावरून काढा आणि हा आकडा सल्लागाराकडून तपासून घेऊ असं लिहा. परांची दुहेरी, म्हणजे दोन्ही रांगांचे खांब जमिनीवर उभे असलेली हवी. एकेरी परांचीसाठी भिंतीत पाडलेली भोकं पुढे गळतीची जागा होतात. परांचीच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६ ही संहिता आहे. तिचा उल्लेख करा, पण त्यासोबत तुमच्या परांचीला फळ्या, कठडा, जाळी आणि चढायची शिडी कुठे असेल याचा एक साधा आडवा छेद हाताने काढून लावा. संहितेच्या क्रमांकापेक्षा त्या चित्राकडे लोक जास्त वेळ बघतात.

भाड्याच्या साधनांसाठी पुरवठादाराचं संमतिपत्र जोडावं, पण त्यात भाव नको. दोन लिफाफ्यांच्या निविदेत तांत्रिक लिफाफ्यात दराचा मागमूसही चालत नाही. मी एका निविदेत पाहिलं आहे की ठेकेदाराने परांचीच्या भाड्याचं कोटेशन जसंच्या तसं जोडलं होतं, प्रति चौरस मीटर दरासकट. दुसऱ्या ठेकेदाराने हरकत घेतली आणि चांगलं सादरीकरण बाद झालं. पुरवठादाराकडून भाव नसलेलं वेगळं पत्र मागून घ्या.

माणसांचं पान

संघटनेची उतरंड काढू नका. मालक वर, त्याखाली प्रकल्प व्यवस्थापक, त्याखाली आणखी तीन पदं, आणि सगळ्या चौकटींत मालकाच्या घरातलीच नावं, असं चित्र लहान ठेकेदाराला शोभत नाही आणि ते खरंही नसतं. कमिटीला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: रोज जागेवर कोण असेल, चूक झाली तर काम कोण थांबवेल, आणि आमच्या तक्रारीला उत्तर कोण देईल.

म्हणून तीन माणसं ठळक दाखवा. पहिला जागेवरचा अभियंता, पदविका असली तरी चालेल, पण पूर्ण वेळ. त्याने आधी केलेली दुरुस्तीची दोन कामं आणि त्यात त्याने नेमकं काय पाहिलं ते लिहा. हाच अभियंता तुम्ही दुसऱ्या निविदेतही दाखवला असेल तर ते लपत नाही, सल्लागार एकमेकांना ओळखतात. दुसरा सुपरवायझर, जो हजेरी, साहित्य आणि परांची बघतो. तिसरा, रहिवाशांशी बोलणारा माणूस. चाळीस घरांच्या खिडक्या, जाळ्या, एसी, वाळत घातलेले कपडे, दुपारी झोपणारं बाळ, या सगळ्यांशी काम भिडतं. सुपरवायझरच हे करणार असेल तर तसं लिहा, पण त्याचे तासही ठरवून द्या.

त्याखाली टोळ्यांचा आठवडेवार तक्ता द्या. आपल्या नमुन्यात सर्वाधिक गर्दी बाराव्या आठवड्यात आहे: आरसीसीचे ८, प्लास्टरचे १०, गच्चीचे ५ आणि रंगारी ६, मिळून २९ माणसं. सोसायटीला हा आकडा हवाच असतो, कारण स्वच्छतागृह, पाणी, सामान ठेवायची जागा त्यावरून ठरते. कोणती टोळी तुमच्या पगारावर आहे आणि कोणती पोटठेकेदाराची, हेही स्पष्ट करा. पोटठेकेदार असण्यात काही गैर नाही. तो लपवला आणि विमा त्याच्या माणसांना लागू नाही असं अपघातानंतर कळलं, तर सोसायटीही अडचणीत येते. कामगार विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयसीची कागदपत्रं, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी हे सगळं जोडपत्रात असू दे. पानावर फक्त "२९ पैकी किती जण कशाखाली संरक्षित" एवढं यावं.

कामाची पद्धत

हे प्रकरण सगळ्यात जास्त नकललं जातं. दुसऱ्या सोसायटीचं नाव तसंच राहिलेली, किंवा दुरुस्तीच्या कामात पायाच्या खोदाईचं वर्णन असलेली पद्धत मी वाचली आहे. असं एक पान सापडलं की बाकीच्या पानांवरचा विश्वास उडतो.

सगळ्या बाबींची पद्धत लिहू नका. ज्या दोन-तीन बाबी चुकल्या तर इमारतीला धोका आहे त्या खोलात घ्या, बाकीच्यांना चार ओळी पुरेत. आपल्या कामात त्या बाबी म्हणजे आरसीसी दुरुस्ती आणि खांबांचं जॅकेटिंग.

आरसीसी दुरुस्ती अशी लिहिता येईल. प्लास्टर काढून हातोडीने ठोकायचं, बदबद वाजणारा भाग खडूने आखायचा, सल्लागारासोबत मोजून सही घ्यायची आणि मगच तोडफोड. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे साधारण १५ मिलिमीटर मोकळं होईपर्यंत काढायचं. नुसता दर्शनी भाग काढून सळईच्या पाठीमागचा गंज तसाच ठेवला, तर दोन-तीन वर्षांत दुरुस्तीचा थरच सळईसह फुगून सुटतो. दुरुस्ती फसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. कडा करवतीने काटकोनात कापायच्या, पातळ होत गेलेल्या कडेला मॉर्टर धरत नाही.

मग तारेच्या ब्रशने सळई घासून व्यास मोजायचा. इथे एक छोटं उदाहरण पानावर द्या, कमिटीला लगेच पटतं. १२ मिलिमीटरची सळई गंजून १० ची उरली तर फरक दोनच मिलिमीटरचा वाटतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. १४४ चे १०० झाले, म्हणजे जवळपास ३१ टक्के पोलाद गेलं. अशा ठिकाणी नवी सळई जोडायची की नाही हे सल्लागार ठरवेल आणि तोपर्यंत तो भाग झाकला जाणार नाही, असं स्वच्छ लिहा.

पुढे सळईला गंजरोधक लेप, तो वाळल्यावर काँक्रीटला बाँडिंगचा लेप आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. बाँडिंगचा लेप वाळून गेला तर तो चिकटवण्याऐवजी दोन थरांना वेगळं करणारा पापुद्रा बनतो. म्हणून एका वेळी जेवढं भरता येईल तेवढ्याच जागेला लेप लावायचा. मॉर्टर १० ते १२ मिलिमीटरच्या थरांत भरायचं. छज्जाच्या तळाला एकदम जाड थर दिला तर तो लोंबतो. पॉलिमरचं प्रमाण आणि पाणी मारण्याचे दिवस उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे, आणि ते पत्रक जोडपत्रात.

या ओळींसोबत तीन थांबे लिहा, जिथे सल्लागाराची सही झाल्याशिवाय टोळी पुढे जाणार नाही. पहिला, सळई उघडी झाल्यावर. दुसरा, गंजरोधक लेपानंतर आणि बाँडिंगच्या आधी. तिसरा, मॉर्टर घट्ट झाल्यावर पुन्हा ठोकून. सही कुठे होणार त्या कोऱ्या तक्त्याचा नमुनाच दाखवा. हे थांबे वेळ खातात, म्हणून वेळापत्रकात ते धरलेले असले पाहिजेत. सल्लागार दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तपासेल असं गृहीत धरलं असेल तर तेही लिहा.

खांबांच्या बाबतीत एक नियम सगळ्यात वर: लगतचे दोन खांब एकाच वेळी उघडणार नाही. नमुन्यात आठ खांब आहेत, प्रत्येक विंगमध्ये चार. दर आठवड्याला ए मधला एक आणि बी मधला एक घेतला की चार आठवडे होतात. टेकू आधी, तोडफोड नंतर. टेकू वरच्या तुळईला घट्ट भिडलेला आहे का हे अभियंता स्वतः हाताने तपासेल. साचा उघडल्यावर लगेच टेकू काढायचे नाहीत, कधी काढायचे ते सल्लागार सांगेल. स्टिल्टमध्ये गाड्या लागतात, म्हणून कोणत्या आठवड्यात कोणत्या दोन जागा रिकाम्या हव्यात याचा नकाशा जोडा. माझ्या पाहण्यात कमिटीकडून सगळ्यात जास्त प्रश्न याच नकाशावर येतात.

प्लास्टर, कोबा आणि रंगाला प्रत्येकी अर्धं पान पुरतं. गच्चीसाठी एवढं मात्र लिहा की जुना कोबा काढल्यावर आणि नवा झाल्यावर पाणी साठवून चाचणी घेऊ, किती तास ते निविदेत असेल तसं, आणि चाचणीच्या काळात खालच्या मजल्यावरच्या घरांच्या छतांचे फोटो काढू.

पानांचा क्रम आणि वीस मिनिटं

हिशोब उलट्या क्रमाने झाला तरी दाखवताना क्रम वेगळा ठेवा. इमारतीचे फोटो दोन पानं, कामाची पद्धत चार, वेळापत्रक दोन, साधनं एक, माणसं एक, मागचं एक काम एक पान आणि गृहीतकं एक. एकूण बारा पानं. मागचं काम एकच दाखवा, पण पूर्ण: आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून, ठरलेली तारीख, प्रत्यक्ष संपल्याची तारीख, आणि उशीर झाला असेल तर कशामुळे. उशिराचं खरं कारण सांगणाऱ्या ठेकेदाराला कमिटीने गुण कमी दिलेले मी पाहिले नाहीत.

पद्धतीची चार पानं मालकाने नाही, तर जागेवर जो अभियंता असणार आहे त्याने मांडावीत. तो अडखळला तरी चालेल. प्रश्न विचारताच उत्तरासाठी मालकाकडे बघू लागला, तर मात्र रोज निर्णय कोण घेणार हे सगळ्यांना कळतं. पडद्यावरची अक्षरं शेवटच्या खुर्चीवरून वाचता येतील एवढी ठेवा आणि मजकूर मराठीत असू द्या, तांत्रिक नावं लोक बोलतात तशी. फाइल पीडीएफ करूनच पाठवा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर मराठी फाँट तुटतो.

गृहीतकांचं पान लोक संकोचाने गाळतात, आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. पाणी कोण देणार, टँकर लागला तर कोणाचा, विजेसाठी वेगळा मीटर बसेल का, खिडक्यांच्या जाळ्या काढून पुन्हा बसवणं निविदेत आहे का, ब्रेकर दुपारी किती ते किती बंद ठेवायचा, मलब्याची गाडी आवारात कुठवर येईल. दुपारचे दोन तास ब्रेकर बंद असेल तर तुमचा उरक कमी होतो. तो कमी धरलेला आकडाच वर वापरला आहे हे इथे नमूद करा.

काम मिळालं तर हे सादरीकरण बहुधा करारनाम्याला जोडलं जातं. तेव्हा त्यातली ७२० चौरस मीटर परांची, २९ माणसं आणि १ मे ही तारीख तुम्हाला बांधून घेते. म्हणून पाठवायच्या आदल्या दिवशी छापील प्रत आणि लाल पेन घेऊन बसा. प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा आणि तो आकडा दुसऱ्या कोणत्या पानावर येतो ते शोधा. जिथे दोन पानांवर दोन आकडे निघतील तिथे पान सुधारू नका, परत हिशोबाच्या कागदावर जा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.